फ्रिज ‘टक्’ करून बंद पडतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यात लातूरमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. घरोघरी कूलर सुरू होतात आणि संध्याकाळी दिवे मंद दिसू लागतात. फ्रिजची एक तक्रार याच दिवसांत हमखास ऐकू येते. फ्रिजच्या पाठीमागून ‘टक्’ असा आवाज येतो, मग काही सेकंद जड घुमल्यासारखं होतं, पुन्हा ‘टक्’ होतं आणि सगळं शांत. मिनिट-दोन मिनिटांनी तोच खेळ परत सुरू. आतला दिवा लागतो, पण पाणी काही गार होत नाही. शेजारपाजारचे दोन निकाल देऊन मोकळे होतात : ‘गॅस संपला’ किंवा ‘कॉम्प्रेसर गेला’. पहिला निकाल जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो आणि दुसरा बऱ्याचदा घाईचा. कारण ही ‘टक्’ बिघाडाची नसते. बिघाडापासून कॉम्प्रेसरला वाचवणाऱ्या एका छोट्या पहारेकऱ्याची ती असते. तो पहारेकरी कोणत्या क्षणी जागा झाला हे घड्याळ लावून पाहिलं, तर फ्रिजला हात न लावताही निम्मं निदान होतं.

गॅसचा प्रश्न आधी निकालात काढू. फ्रिजमधला गॅस कमी झाला तर कॉम्प्रेसरवरचा भार कमी होतो, वाढत नाही. असा फ्रिज बंद पडत नाही, उलट थांबायचंच नाव घेत नाही. तासन्‌तास चालूनही फ्रीजरचा एखादाच कोपरा गार होतो. तेव्हा सुरू होताच ‘टक्’ करून थांबणाऱ्या फ्रिजमध्ये कुणी गॅस भरायला सांगत असेल, तर त्याला आधी कारण विचारावं.

मोटर स्वतःहून का फिरत नाही

फ्रिजच्या मागे खाली काळं, गोल, लोखंडी भांडं दिसतं, तो कॉम्प्रेसर. त्यात एक मोटर आणि तिला जोडलेला दट्ट्या असतो. दोन्ही तेलासकट कायमचे बंद केलेले असतात, त्यामुळे ते उघडून दुरुस्त करायची सोय नाही. बाहेर फक्त तीन पिना येतात आणि आपल्या कामाचं सगळं सामान त्या तीन पिनांवर बसवलेलं असतं.

घरात येणारी वीज एका फेजची. तिच्यावर चालणाऱ्या मोटरची मूळ अडचण अशी की मुख्य वाइंडिंगमध्ये तयार होणारं चुंबकत्व एकाच रेषेत पुढे-मागे होतं, गोल फिरत नाही. सायकलचं पायडल अगदी वरच्या टोकाला असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर दिला तरी चाक फिरत नाही. बाजूने एक हलकासा धक्का मिळाला की मात्र तोच जोर कामी येतो आणि सायकल चालू लागते. मोटरचं तसंच आहे. एकदा फिरायला लागली की मुख्य वाइंडिंग तिला मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्यांवर सहज फिरवत ठेवतं. पण थांबलेल्या मोटरला पहिला धक्का द्यायला दुसरं वाइंडिंग लागतं. त्याला स्टार्टिंग वाइंडिंग म्हणतात. ते बारीक तारेचं असतं, ते मुख्य वाइंडिंगशी कोन करून बसवलेलं असतं आणि त्यातला प्रवाह मुख्य प्रवाहापेक्षा थोडा वेगळ्या वेळी शिखरावर पोचतो. या वेळेच्या फरकातूनच फिरवणारा जोर जन्माला येतो.

पण हे बारीक वाइंडिंग सतत प्रवाह सोसू शकत नाही. एक सेकंदाच्या आत धक्का देऊन त्याने बाजूला व्हायला हवं. नाही झालं तर ते जळतं. त्याला वेळेवर आत घेणं आणि वेळेवर बाहेर काढणं हे रिलेचं काम.

रिले : धक्का देऊन बाजूला होणारा

जुन्या फ्रिजमध्ये कॉइलचा रिले असे. मोटर सुरू होताना जोराचा प्रवाह घेते, त्या प्रवाहाने कॉइलमधली लोखंडी दांडी वर उचलली जाते आणि स्टार्टिंग वाइंडिंग जोडलं जातं. मोटरने वेग घेतला की प्रवाह उतरतो, दांडी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि वाइंडिंग सुटतं. असा रिले आडवा किंवा उलटा बसवला तर दांडी नीट पडत नाही आणि स्टार्टिंग वाइंडिंगला धोका निर्माण होतो.

आताच्या बहुतेक साध्या फ्रिजमध्ये हलणारा भागच नसलेला रिले असतो. मेकॅनिक त्याला ‘पीटीसी’ म्हणतात. त्यात नाण्याएवढी एक चकती असते, बेरियम टायटनेटच्या सिरॅमिकची. गार असताना तिचा विरोध साधारण २० ते ३५ ओहम असतो, त्यामुळे स्टार्टिंग वाइंडिंगला भरपूर प्रवाह मिळतो. त्याच प्रवाहाने चकती सेकंदाच्या आत शंभर अंशांपलीकडे तापते आणि तिचा विरोध एकदम हजारो ओहमवर जातो. म्हणजे वाट जवळजवळ बंद. फ्रिज चालू आहे तोवर दोन-तीन वॅट खात ती तशीच तापलेली राहते आणि वाट बंद ठेवते.

या साध्या युक्तीत एक मेख आहे. फ्रिज बंद झाल्यावर चकती लगेच गार होत नाही. तिला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज परत आली, तर चकती तापलेलीच असते, स्टार्टिंग वाइंडिंगची वाट बंद असते आणि मोटरला पहिला धक्काच मिळत नाही. मुख्य वाइंडिंग एकटंच जोर लावत बसतं. ऐकू येतं ते जड घुमणं याचंच.

त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या आतही अडचण असते. बाहेर कडक ऊन असेल आणि मागच्या जाळीतला गॅस ५५ अंशांवर असेल, तर आर १३४ए या गॅसचा दाब तिथे सुमारे १५ बार असतो. फ्रीजरच्या बाजूला तो एक बारच्या आसपास असतो. फ्रिज थांबला की केसासारख्या बारीक नळीतून हे दोन दाब हळूहळू सारखे होतात आणि त्यालाही तीन ते पाच मिनिटं लागतात. घरगुती फ्रिजची मोटर हे दाब सारखे झाल्यावरच सुरू होईल, असं गृहीत धरून बनवलेली असते. मध्येच सुरू करायला गेलं तर दट्ट्यापुढे भिंत उभी असते.

म्हणून लाइट जाऊन दोन मिनिटांत परत आल्यावर फ्रिजने एक-दोनदा ‘टक्’ केलं आणि नंतर आपोआप सुरू झाला, तर त्यात बिघाड काहीच नाही.

ओव्हरलोड : मोटरचा पहारेकरी

मोटर अडून बसली की काय होतं, याचा हिशेब करून पाहू. एका दाराच्या साध्या फ्रिजची मोटर चालू असताना समजा ०.९ अँपिअर घेते आणि तिच्या मुख्य वाइंडिंगचा विरोध १४ ओहम आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध, म्हणजे वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता झाली ११ वॅट. तीच मोटर जागेवर अडली की साधारण ६ अँपिअर ओढते. आता उष्णता झाली ५०० वॅटच्या वर, म्हणजे जवळजवळ ४५ पट, आणि तीही त्या बंद भांड्यात. या अवस्थेत मोटर काही मिनिटं राहिली तर तारेवरचं इन्सुलेशन जळेल.

ती वेळ येऊ नये म्हणून पिनांजवळ, कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटून ओव्हरलोड बसवलेला असतो. दुकानात त्याला ‘ओएलपी’ म्हणतात. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना चिकटवून केलेली किंचित फुगीर चकती हे त्याचं हृदय. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे चकतीत ताण साठत जातो आणि एका ठरावीक तापमानाला ती झटक्यात उलटी होते. त्या झटक्याचा आवाज म्हणजेच ती ‘टक्’. उलटी होताना ती दोन संपर्क तोडते आणि मोटरच्या दोन्ही वाइंडिंगची वीज बंद होते. गार झाली की ती पुन्हा सुलटी होते, दुसरी ‘टक्’ होते आणि मोटरला नवी संधी मिळते.

ओव्हरलोड एकाच वेळी दोन गोष्टी जोखतो. मोटरचा सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो, त्यामुळे जास्त प्रवाहाने तो आतून तापतो. शिवाय तो कॉम्प्रेसरला चिकटलेला असल्याने भांड्याची उष्णताही त्याला बाहेरून तापवते. मोटर पूर्ण अडली असेल तर तो साधारण पाच ते पंधरा सेकंदांत उडतो. प्रवाह थोडाच जास्त असेल, पण कॉम्प्रेसर भट्टीसारखा तापला असेल, तर दहा-वीस मिनिटांनी उडतो. म्हणूनच घड्याळ लावून ऐकायचं.

घुमण्याचा आवाज येऊन पंधरा सेकंदांच्या आत ‘टक्’ झालं, तर मोटर फिरलीच नाही असं समजावं. कारण रिले, कपॅसिटर, कमी व्होल्टेज, तापलेली पीटीसी किंवा आतून जाम झालेला कॉम्प्रेसर यांपैकी एक. फ्रिज व्यवस्थित सुरू होऊन काही मिनिटं चालला आणि मग ‘टक्’ करून थांबला, तर मोटर फिरते आहे, पण तिला उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग रिले बदलून उपयोग नाही. मागची जाळी, भिंतीपासूनचं अंतर, असल्यास मागचा पंखा आणि व्होल्टेज पाहायला हवं. तिसरा प्रकार निरुपद्रवी : घुमणं नाही, खटपट नाही, पुरेसं गार झाल्यावर एकच हलकी ‘टक्’ आणि बऱ्याच वेळाने सुरू होताना पुन्हा एक. तो थर्मोस्टॅट आहे आणि तो आपलं काम करतो आहे.

कपॅसिटर : एक थोडा वेळ, दुसरा कायम

कपॅसिटर या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात आणि त्यांची अदलाबदल महागात पडते.

स्टार्ट कपॅसिटर स्टार्टिंग वाइंडिंगच्या वाटेत, रिलेच्या मागे-पुढे बसतो. साध्या मोटरमध्ये दोन वाइंडिंगच्या प्रवाहांतला फरक साधारण ३० अंशांचा असतो. फिरवणारा जोर या कोनाच्या साइनवर अवलंबून असतो आणि ३० अंशांचा साइन ०.५. कपॅसिटर घातला की स्टार्टिंग वाइंडिंगचा प्रवाह बराच आधी शिखरावर पोचतो आणि फरक ८० अंशांच्या आसपास जातो. त्याचा साइन ०.९८. म्हणजे तेवढ्याच प्रवाहात सुरुवातीचा जोर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे जिथे दाब पूर्ण सारखे होण्याआधी सुरू व्हावं लागतं, अशा डीप फ्रीझर आणि शीतपेयांच्या कूलरमध्ये स्टार्ट कपॅसिटर हमखास असतो. त्याची क्षमता साधारण ४० ते १०० मायक्रोफॅरड असते, पण तो फक्त दोन-तीन सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो. रिले चिकटून वाट उघडी राहिली, तर हा कपॅसिटर फुगतो आणि कधी फुटतोही.

रन कपॅसिटर त्याच्या मानाने छोटा, साधारण ४ किंवा ५ मायक्रोफॅरडचा. तो फ्रिज चालू आहे तोवर जोडलेलाच राहतो. स्टार्टिंग वाइंडिंगला सोसेल एवढाच थोडा प्रवाह तो कायम देत राहतो, त्यामुळे मोटर कमी वीज खाते आणि कमी तापते. घरगुती एका दाराच्या फ्रिजमध्ये बहुधा हाच असतो किंवा कपॅसिटर नसतोच. हा खराब झाला तर मोटर पीटीसीच्या जोरावर सुरू होऊ शकते, पण चालताना जास्त प्रवाह घेते आणि तापते. म्हणजे त्याची ‘टक्’ अनेकदा काही मिनिटांनी येते.

मुळात स्टार्ट कपॅसिटर नसलेल्या घरगुती फ्रिजला तो बाहेरून लावून देण्याची पद्धत दुकानांतून दिसते. रिले, ओव्हरलोड आणि कपॅसिटर एकत्र असलेला तयार जोड मिळतो. म्हाताऱ्या, घट्ट झालेल्या कॉम्प्रेसरला त्याने एखादा उन्हाळा काढता येतो. पण आजार त्याने बरा होत नाही, लपतो. आणि कमी व्होल्टेज हे खरं कारण असेल, तर या जोडावर खर्च करण्याआधी व्होल्टेज मोजणं शहाणपणाचं.

संध्याकाळचा हिशेब

आता हे सगळं एका ठिकाणी लावून पाहू. समजा औसा तालुक्यातल्या एका गावात, डीपीपासून लांब असलेल्या शेवटच्या घरांपैकी एका घरात १९० लिटरचा एका दाराचा फ्रिज आहे. छत पत्र्याचं. फ्रिज स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून, त्याची वायर एक्स्टेन्शन बोर्डात आणि त्याच बोर्डात कूलर. दिवसा फ्रिज बरा चालतो. संध्याकाळी सात ते दहा ‘टक्’ करत राहतो. मेकॅनिक सकाळी येतो तेव्हा फ्रिज निमूट चालू असतो.

दुपारी कुणी मीटर लावला तर २२८ व्होल्ट दिसतात आणि ‘व्होल्टेज ठीक आहे’ असा निर्वाळा मिळतो. संध्याकाळी साडेसातला बोर्डावर २०५ दिसतात. हेही फार वाईट नाही. पण खरी मोजणी फ्रिज सुरू व्हायच्या क्षणीच करायची असते. मोटर ५ अँपिअर ओढायला लागली की तोच आकडा २०५ वरून १८० वर कोसळतो. २५ व्होल्ट कुठे गेले? डीपीपासून घरापर्यंतची लांब, बारीक तार, मीटरजवळचा सैल जोड आणि एक्स्टेन्शन बोर्डाची कामचलाऊ वायर यांनी मिळून ५ ओहमचा अडथळा केला आहे. ५ अँपिअर गुणिले ५ ओहम, झाले २५ व्होल्ट.

मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८ आणि त्याचा वर्ग ०.६१. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण जोर ३९ टक्क्यांनी गेला. तिकडे दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली मागच्या जाळीला हवा नाही, म्हणून गॅसचा दाब चढलेला आणि तेवढाच भार वाढलेला. उरलेल्या ६१ टक्के जोरात दट्ट्या हलत नाही. दहा सेकंदांत ओव्हरलोड उडतो.

यानंतरची साखळी पाहण्यासारखी आहे. ओव्हरलोड मिनिट-दोन मिनिटांत गार होऊन पुन्हा जोडला जातो, पण पीटीसीची चकती अजून तापलेली असते. दुसऱ्या खेपेला मोटरला धक्काच मिळत नाही, म्हणून ती पहिल्यापेक्षा खात्रीने अडते. प्रत्येक खेपेला कॉम्प्रेसरचं भांडं थोडं आणखी तापतं. त्याला चिकटलेला ओव्हरलोड मग उशिरा गार होतो, विश्रांती लांबत जाते आणि कधीतरी ती पीटीसी गार व्हायला पुरेल एवढी होते. नेमक्या त्याच वेळी व्होल्टेज बरं असेल तर फ्रिज सुरू होतो. नसेल तर खेळ रात्री दहापर्यंत चालतो. दोन मिनिटांना एक खेप धरली तर तासाला ३० आणि तीन तासांत ९०. ओव्हरलोड असे अनेक धक्के सोसतो, पण कायम नाही. त्याचे संपर्क काळे पडून एक दिवस तुटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चिकटून बसतात. चिकटले की पहारा संपला आणि पुढच्या अडण्यात वाइंडिंग जळतं. ‘संध्याकाळीच होतं, सकाळी ठीक असतं’ म्हणून चालढकल करण्याचा खरा धोका हा आहे.

या घरातला उपाय क्रमानेच करायला हवा. पहिल्यांदा फ्रिजचा प्लग एक्स्टेन्शनमधून काढून थेट भिंतीतल्या जाड वायरच्या सॉकेटमध्ये, कूलरपासून वेगळा. मग मीटरजवळचे जोड वायरमनकडून घट्ट करून घेणं. मग फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे आणि मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने साफ. फ्रिजच्या लेबलवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘टी’ वर्गाचा फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

त्यानंतर स्टॅबिलायझर. तो १८० चे २१५-२२० करून देईल, पण वाढवलेलं व्होल्टेज फुकट मिळत नाही. तेवढाच जास्त प्रवाह तो मागच्या तारेतून ओढतो, म्हणजे तार बारीक असेल तर तिच्यातली घटही थोडी वाढते. म्हणून जोड आणि वायर आधी, स्टॅबिलायझर नंतर. घेताना त्याच्यावर लिहिलेली किमान इनपुट व्होल्टेजची मर्यादा पाहावी आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटं थांबून मग फ्रिजला वीज देणारी सोय आहे का ते विचारावं. ती तीन मिनिटं पीटीसीची चकती आणि गॅसचे दाब यांच्यासाठीच असतात. स्टॅबिलायझर नसेल तर हेच काम हाताने करता येतं : लाइट गेली की फ्रिजचं बटण बंद, लाइट येऊन पाच मिनिटं झाली की चालू.

आणि शेवटची बाजू वीज कंपनीची. कमी दाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या व्होल्टेजच्या सहा टक्के वर किंवा खाली एवढीच सूट नियमात आहे. २३० धरले तर ती खालची हद्द २१६ होते. मीटरपाशीच, फ्रिज बंद असताना, रोज संध्याकाळी २०५ दिसत असेल तर दोष तुमच्या फ्रिजचा नाही. वेळ आणि आकडा लिहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एकट्याच्या घरी सैल जोड असेल तर तो तिथेच सापडेल. आळीतल्या सगळ्यांच्याच घरांतले दिवे मंद होत असतील तर डीपीवरचा भार तपासावा लागेल.

मीटरने खात्री

व्होल्टेज ठीक असूनही पंधरा सेकंदांची ‘टक्’ येत असेल तर सुटे भाग तपासायचे. हे काम जाणत्या मेकॅनिकचंच, पण तो काय करतो हे माहीत असलेलं बरं. प्लग काढून फ्रिज गार होऊ द्यायचा. कपॅसिटर असेल तर त्यात साठलेली वीज विरोधकातून काढून टाकायची, कारण प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो. मग रिले पिनांवरून ओढून काढायचा आणि कानाशी हलवायचा. आत खुळखुळलं तर सिरॅमिकची चकती फुटलेली आहे, पुढे मोजायची गरजच नाही. न खुळखुळणाऱ्या गार पीटीसीवर साधारण २० ते ३५ ओहम दिसले पाहिजेत, ओव्हरलोडवर जवळजवळ शून्य.

आता उघड्या पडलेल्या तीन पिना : कॉमन, रन आणि स्टार्ट. समजा कॉमन ते रन १४ ओहम आणि कॉमन ते स्टार्ट २२ ओहम आले, तर रन ते स्टार्ट दोघांची बेरीज, ३६ यायला हवी. बेरीज जुळली आणि कोणत्याही पिनेपासून कॉम्प्रेसरच्या लोखंडापर्यंत काहीच जोड दिसला नाही, तर वाइंडिंग शाबूत आहे. कॉम्प्रेसर ‘गेला’ असं म्हणायला अजून आधार नाही. नवा रिले आणि ओव्हरलोड लावून, व्होल्टेज पुरेसं असताना, दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर सुरू करायचा आणि वायरभोवती क्लॅम्प मीटर धरायचा. प्रवाह क्षणभर उसळून सेकंदाच्या आत एक अँपिअरच्या आसपास उतरला तर मोटर फिरली आणि दोष रिलेचाच होता. पाच-सहा अँपिअरवरच अडून राहून ‘टक्’ झालं, तर मात्र दट्ट्या आतून जाम आहे. तिथे ‘कॉम्प्रेसर गेला’ हा निकाल खरा.

नवा रिले घेताना कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा फोटो दुकानात न्यावा. ओव्हरलोड त्या कॉम्प्रेसरच्या प्रवाहानुसार निवडलेला असतो. मोठ्या कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड लहानाला लावला तर ‘टक्’ बंद होईल, पण पहाराही बंद होईल. ओव्हरलोड काढून वायर थेट जोडणं म्हणजे कॉम्प्रेसर जाळण्याची तयारी. लेबलवर आर ६००ए लिहिलं असेल तर जास्तच जपायला हवं. तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेटणारा गॅस, म्हणून ठिणगी पडू शकणारा कॉइलचा उघडा रिले तिथे लावायचा नाही.

हे सगळं साध्या, एका वेगाच्या कॉम्प्रेसरला लागू आहे. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये तीन फेजची मोटर आणि तिला चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. त्यात हा रिले आणि स्टार्ट कपॅसिटर नसतात. अशा फ्रिजचं निदान बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो यावरून आणि कंपनीच्या तक्त्यावरून करावं लागतं.

तेव्हा फ्रिजने ‘टक्’ करायला सुरुवात केली की आधी बटण बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. मग चालू करून घुमण्यापासून ‘टक्’पर्यंतचे सेकंद मोजा, वेळ कोणती होती ते लिहा आणि मेकॅनिकला फोनवर एवढंच सांगा. रिले आणि ओव्हरलोड हे फ्रिजमधले स्वस्त भाग आहेत, कॉम्प्रेसर सर्वांत महाग. संध्याकाळचं व्होल्टेज आणि तीन पिनांची बेरीज पाहिल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलायला होकार देऊ नका.